‘जलामृत’ की ‘मडकं’? प्रदर्शनातल्या फिल्टरच्या नावावरून

आठवीतल्याचा बाबा:
मुलगा तालुका विज्ञान प्रदर्शनात पाण्याचा स्वस्त फिल्टर मांडतोय. वरच्या मडक्यात शेवग्याच्या बियांची पूड घालून गाळ बसवायचा, मग ते पाणी खालच्या मडक्यातल्या बारीक वाळू, जाड वाळू आणि करवंटीच्या कोळशातून उतरवायचं. त्याने नाव ठरवलंय ‘जलामृत’. बाई म्हणतात, नावाला गुण नसतात. मला वाटतं परीक्षकांच्या लक्षात राहील असं काहीतरी हवं. काय द्यावं?

निवृत्त मास्तर:
बाईंचं खरं आहे, गुण नसतात. पण अकरा वर्षं परीक्षक होतो म्हणून सांगतो. साठ-सत्तर मांडण्या बघून संध्याकाळी चहाला बसलो की कुणी क्रमांक बोलत नाही. ‘ती पवनचक्कीवाली पोरगी’, ‘ते सायकलच्या ट्यूबचं’ असंच चालतं. एका वर्षी पाण्याचे पाच फिल्टर होते आणि चारांची नावं ‘जल’ने सुरू होणारी. चहाच्या वेळेपर्यंत आमच्या डोक्यात चारही एकात एक मिसळली. परीक्षक तुमच्या वस्तूला स्वतःच एक नाव पाडतो. ते आधी ओळखा आणि तेच पाटीवर लिहा.

‘अमृत’ मात्र काढाच. माझ्यासारखा कुणीतरी खालच्या मडक्यातला पेला भरून हातात देईल आणि म्हणेल, पी बघू. मुलगा बिचकला तर नाव खोटं ठरलं. प्यायला तर त्याहून वाईट, कारण हे पाणी नितळ झालंय, निर्जंतुक नाही. गाळाबरोबर बरेच जंतू तळाशी बसतात, पण सगळे नाही. वाळूच्या थरावर जंतू खाणारा जिवंत पापुद्रा धरायला काही आठवडे पाणी वाहतं ठेवावं लागतं. काल भरलेल्या मडक्यात तो कुठून असणार?

ब्रँडवाला:
मास्तरांचा मान राखून, हे जुनं झालं. जिल्ह्याच्या पुढे न्यायचं असेल तर छोटं, इंग्रजी वळणाचं, खटकेबाज नाव हवं. टाटांचं ‘स्वच्छ’ बघा. २००९ साली बाजारात आलं, एका शब्दात काम झालं. ‘अ‍ॅक्वा’ लावा, पुढे काहीही जोडा. आणि जंतूंचं म्हणाल तर कोळसा आहे की, तो सगळं धरून ठेवतो.

निवृत्त मास्तर:
छोटं हवं, हे मान्य. पण उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. ‘स्वच्छ’ हा शब्द इंग्रजी कुठाय? शिवाय त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले होते. जंतू मारायला चांदी होती, म्हणून ते नाव पेललं.

कोळशाचं अर्धंच बरोबर आहे. तो वास आणि रंग ओढतो. जंतू धरत तर नाहीच, उलट ओला राहिला तर त्याच्यात ते सुखाने वाढतात. आणि घरी जाळलेल्या करवंटीचा कोळसा नीट धुतला नाही तर पहिलं पाणी काळपट उतरतं. परीक्षक समोर असताना हे व्हायला नको. आदल्या दिवशी पाच-सहा वेळा धुवून घ्या.

बोअरवेलग्रस्त:
आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात. हा शेवग्याचा फिल्टर बसवला तर टीडीएस कमी होईल का? कितीला पडेल?

मिरजेची मावशी:
दादा, विरघळलेले क्षार वाळूने जात नाहीत. आणि इथे नावाचं चाललंय हो!

माझी भाची सहावीत असताना तिने जुन्या साडीचा फिल्टर केला होता. बांगलादेशात रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला लावलं, तर पटकीचे रुग्ण निम्म्याच्या आसपास घटले होते. त्यावरून सुचलेलं. नाव ठेवलं ‘आजीची साडी’. परीक्षक दोनदा परत आले, एकदा तर दुसऱ्या परीक्षकांना घेऊन. वस्तू डोळ्यांपुढे उभी राहिली की झालं.

शब्दखोर:
मग ‘निवळ’ ठेवा ना! दोनच सेकंदांत बोलून होतं, पाणी निवळणं हेच काम आहे, आणि निवळीच्या बियांनी पाणी निवळायची आपली जुनी रीतही आहे.

निवृत्त मास्तर:
शब्द सुरेख आहे. पण निवळी हे वेगळं झाड, तिची बी मडक्याला आतून घासायची. इथे आहे शेवगा. ‘निवळ’ वाचून परीक्षक विचारणार, निवळी कुठाय? पोराची पहिली दोन मिनिटं खुलाशात जातील.

शब्दखोर:
क्रियापद कुणा एका झाडाच्या मालकीचं नसतं, मास्तर. आणि परीक्षकाने प्रश्न विचारला म्हणजे तो थांबला. थांबवायलाच तर नाव हवंय.

निवृत्त मास्तर:
थांबला, पण चुकीच्या जागी. त्याने विचारावं ते हे: शेवग्याची पूड किती घातली? तर साधारण लिटरला एक सोललेली बी, गढूळपणा बघून कमी-जास्त. पूड कालवून आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू, आणि तास-दीड तास हात लावायचा नाही. बियांतलं प्रथिन धन भाराचं, मातीचे कण ऋण भाराचे, म्हणून ते एकमेकांना चिकटून जड होतात. आणि हे पाणी त्याच दिवशी संपवायचं, कारण बियांचा अंश पाण्यात राहतो आणि ते दुसऱ्या दिवशी वास मारू लागतं. हे प्रश्न नावातूनच निघाले पाहिजेत. म्हणून म्हणतो, नावात शेवगा हवा.

ब्रँडवाला:
बरं, इंग्रजी सोडलं. पण ‘स्वस्त’ तरी नावात घ्या. ‘दोनशेचा फिल्टर’. आकडा कुणी विसरत नाही.

मिरजेची मावशी:
आणि मग हिशेब मागितला की? भाचीला तेच विचारलं होतं, साडी फुकट धरलीस का म्हणून.

आठवीतल्याचा बाबा:
हे वाचून घरी हिशेब मांडला. आम्ही एकशे ऐंशी रुपये लिहिलं होतं, पण मडकी घरचीच म्हणून धरली नव्हती. ती आणि तोटी धरली तर साडेतीनशेच्या वर जातंय. ‘दोनशेचा’ बाद.

लोक स्वतः कुठलं नाव पाडतात ते आधी ओळखा, असं मास्तर म्हणाले होते, म्हणून घरीच करून पाहिलं. रविवारी जेवताना सहा जणांना ‘जलामृत’, ‘निवळ’ आणि ‘शेवगा-मडकं’ ही तीन नावं एकेकदा सांगितली, आज सकाळी विचारलं. ‘जलामृत’ कुणालाच नीट आठवलं नाही. ‘जलधारा’, ‘अमृतधारा’ असं काहीबाही आलं. ‘निवळ’ दोघांना आठवलं. ‘शेवगा-मडकं’ चौघांना, आणि आमची आई म्हणाली, ‘ते शेंगांचं मडकं ना?’ मुलाला आता तेच हवंय, ‘शेंगांचं मडकं’.

सोलापूरकर:
आमच्याकडे शेंगा म्हटलं की भुईमूग. शेंगांची चटणी माहितीय ना? परीक्षक आमच्या बाजूचा निघाला तर म्हणेल, पाण्यात दाण्याचं कूट घातलंय काय? ‘शेवगा’ सोडू नका.

शब्दखोर:
आणि पाटीवर ‘मडकं’ लिहिणार की ‘मडके’? शाळेत बाई लाल पेनाने ‘मडके’ करतील. माझं मत अजून ‘निवळ’लाच आहे.

निवृत्त मास्तर:
‘मडकं’च लिहा, बोलतात तसं. पाटीखाली एकसारखे दोन काचेचे पेले ठेवा, एकात आधीचं पाणी, दुसऱ्यात नंतरचं, आणि दोन्हींच्या मागे वर्तमानपत्राचा तुकडा. नंतरच्यातून अक्षरं वाचता येतात, आधीच्यातून नाही. आणि ‘पिण्यापूर्वी उकळा’ हे पेल्याशेजारी मोठ्या अक्षरात.

आठवीतल्याचा बाबा:
पेल्यांचं आजच करून बघतो. नावाचं बाईंना विचारतो. त्यांनी ‘मडके’ केलं तर काय करायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.