मदत हवी आहे: प्रायमाक्विनआधी जी-सिक्स-पीडीच्या रिपोर्टसाठी थांबावं का?

सायली_क:
भावाला (वय २६, वजन ६० किलो) दुसऱ्यांदा व्हायवॅक्स मलेरिया झालाय. मागच्या वेळी फक्त क्लोरोक्विन घेतलं होतं. आताही त्याचे तीन दिवस पूर्ण झालेत, ताप उतरलाय. डॉक्टरांनी प्रायमाक्विन १५ मिग्रॅ रोज, १४ दिवस लिहून दिलंय, पण जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट येईपर्यंत एकही गोळी नको म्हणाले. रिपोर्टला चार दिवस लागणार. तोवर पुन्हा ताप आला तर?

माधवी२:
माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी तपासणी न करता प्रायमाक्विन दिलं होतं. एकच डोस. काही झालं नाही. उगाच वेळ घालवू नका.

डॉ_नीलेश:
माधवीताई, तो बहुधा फाल्सिपेरम असणार. डासांमार्फत पुढे पसरू नये म्हणून त्यात एकच छोटा डोस देतात, तो तपासणीशिवाय चालतो. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात. त्यांना मारायला गोळी रोज, कित्येक दिवस घ्यावी लागते आणि धोका तिथेच आहे.

सायली, चार दिवसांनी काही बिघडत नाही. क्लोरोक्विन काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे इतक्या लवकर ताप उलटणं अवघड. पण भावात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल, तर प्रायमाक्विनचा मारा तांबड्या पेशींना सोसत नाही आणि त्या फुटतात. आजचा हिमोग्लोबिनचा आकडाही लिहून ठेवा, नंतर तुलनेला लागेल.

रेवा:
माझा रिपोर्ट नॉर्मल होता, तरी चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली, जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन बरंच उतरलं होतं. असं कसं?

समीर_लॅब:
टेस्ट चुकली असणार. नॉर्मल असेल तर काही होतच नाही.

डॉ_नीलेश:
चुकलीच असं नाही, समीर. बायकांमध्ये काही पेशी धडधाकट, काही कमकुवत असू शकतात. नुसतं 'नॉर्मल' किंवा 'कमी' सांगणाऱ्या टेस्टला हे अधलंमधलं प्रमाण दिसत नाही. प्रत्यक्ष आकडा देणारी टेस्ट लागते. पुरुषांत सहसा इकडे किंवा तिकडे.

सायली, गोळ्या सुरू झाल्यावर पहिला आठवडा जपा. लघवी गडद तपकिरी किंवा लाल, डोळे पिवळे, चेहरा पांढराफटक, धाप, छातीत धडधड, पाठदुखी: यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी कमी प्यायल्यावर होते ती पिवळी लघवी वेगळी. नुसतं पोट दुखलं तर गोळी जेवणानंतर घेऊन बघा.

सायली_क:
खूप आभार. एकच शंका: रक्त दिलं तेव्हा तो तापातच होता, हिमोग्लोबिन ९ होतं. रिपोर्टवर त्याचा परिणाम?

डॉ_नीलेश:
होऊ शकतो. जुन्या पेशी फुटून नव्या भरल्या असतील तर एन्झाइम खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं, कारण ते नव्या पेशींत भरपूर असतं. 'कमी' आलं तर ते खरं माना. 'नॉर्मल' आलं तर नव्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रेटिक्युलोसाइट काउंट, पाहिला का ते विचारा. तो वाढलेला असेल तर आता सुरू करायचं की काही महिन्यांनी टेस्ट पुन्हा करायची, हे भावाला तपासणारेच ठरवू शकतील.

सायली_क:
तो काउंट केलेला नाही. उद्याच विचारते.