पंचमेश गुरू नीच, पण सप्तमांशात उच्चीचा. खरं कोणाचं मानायचं?

आत्याबाई
भावाची पत्रिका आहे. जानेवारी १९८५, रात्री ८:२५, मुंबई. सिंह लग्न ८ अंश २० कला. पंचमात धनू, म्हणजे पंचमेश गुरू, आणि तो षष्ठात मकरेत ३ अंश १० कलांवर. रवी मकरेतच १० अंश २० कलांवर. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. एका गुरुजींनी पत्रिका हातात घेतल्याबरोबर "नीच, अस्तंगत, वर षष्ठात, संततीचा विचार सोडा" असं सांगितलं. वहिनी दोन दिवस जेवली नाही. दुसऱ्यांनी सप्तमांश काढून दाखवला, त्यात गुरू कर्केत. म्हणाले, "बिनधास्त राहा." सप्तमांश पंचमाच्या पलीकडे खरंच काही सांगतो, की हे नुसतं समाधान?

मीनलग्न
दुसरे गुरुजी बरोबर. सप्तमांश हाच संततीचा वर्ग आहे. पाराशरीत स्पष्ट आहे, "पुत्रपौत्रादिकानां वै चिन्तनं सप्तमांशके". राशीत नीच असला तरी सप्तमांशात उच्च झाला की नीचत्व संपलं. मी अशा पत्रिका पाहिल्यात, उशिरा का होईना पण होतं. सप्तमांश लग्नापासून पंचम बघा, पहिल्या अपत्याचं सगळं तिथे कळेल.

घटिका-पळे
मीनलग्न, श्लोक बरोबर, पण "नीचत्व संपलं" हे त्यात कुठे आहे?

आत्याबाई, आधी गणित बघू, म्हणजे तो कर्केतला गुरू आला कुठून ते कळेल. राशीचे सात भाग केले की एक भाग ४ अंश १७ कलांचा. विषम राशीत मोजणी त्याच राशीपासून, सम राशीत सातवीपासून. मकर सम, तिची सातवी कर्क. म्हणजे मकरेच्या पहिल्या ४ अंश १७ कलांत जो ग्रह असेल तो सप्तमांशात कर्केत जाणारच. यात एक गंमत आहे. गुरूचं परमनीच मकरेच्या ५ अंशांवर. त्या बिंदूकडे जाताना पहिले सव्वाचार अंश गुरू सप्तमांशात उच्चीचा असतो! तुमच्या भावासारखे असे गुरू दर बारा वर्षांनी दोन-अडीच आठवडे जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत असतात. त्या सगळ्यांना मुलं झाली असं कोणी म्हणणार नाही, आणि कोणालाच झाली नाहीत असंही नाही.

मग सप्तमांशाने काय वाढवलं? माझ्या मते एवढंच: राशीत जे म्हटलंय त्याची ताकद. वर्ग हे मुळात बळ मोजायला आहेत. पंचमेश दुबळा दिसतोय, पण वर्गात त्याला आधार आहे, म्हणून "नाहीच" हे वाक्य उच्चारू नये. "होणारच" हेही नाही. अस्ताचं म्हणाल तर तो आकाशातला प्रकार आहे. रवी आणि गुरू यांच्यात ७ अंशांचं अंतर, गुरूला अस्ताची मर्यादा ११. सप्तमांशात रवी कन्येत गेला म्हणून गुरू त्या रात्री दिसायला लागला असं होत नाही.

आणि पहिल्या गुरुजींनी राशीकुंडलीही नीट पाहिली नाही. मकरेचा स्वामी शनी त्या महिन्यात वृश्चिकेत, म्हणजे सिंह लग्नापासून चौथा. केंद्रात. नीचभंग तिथेच होतो, सप्तमांश उघडायच्याही आधी.

मीनलग्न
नीचभंग मान्य. पण मग सप्तमांश फक्त बळासाठी, भाव बघायचेच नाहीत, हे तुमचं मत झालं. दक्षिणेत कितीतरी जण सप्तमांशाची पूर्ण कुंडली वाचतात. पहिलं मूल पंचमावरून, दुसरं सप्तमावरून, तिसरं नवमावरून. लग्न सम राशीचं असेल तर उलटं, पहिलं नवमावरून.

घटिका-पळे
वाचतात, माहीत आहे. मीही वीस वर्षांपूर्वी तसंच वाचत होतो. आता याच पत्रिकेवर करून बघा.

लग्न सिंह ८ अंश २० कला. सिंह विषम, म्हणून पहिला भाग सिंह, दुसरा कन्या, तो ८ अंश ३४ कलांना संपतो, मग तूळ. म्हणजे सप्तमांश लग्न कन्या, पण तूळ फक्त १४ कला पुढे. लग्न एक अंश सरकायला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे १४ कलांना एक मिनिट.

आता दोन्ही धरून बघा. कन्या लग्न: पंचमात मकर, स्वामी शनी. शनी राशीत वृश्चिकेच्या सुरुवातीला होता, सप्तमांशात तो वृषभेत जातो, कन्येपासून नववा. छान, त्रिकोणात. तूळ लग्न: पंचमात कुंभ, स्वामी पुन्हा शनीच, शनी तिथेच वृषभेत, पण आता आठवा. एका मिनिटात तुमचा पंचमेश भाग्यातून मृत्युस्थानात. मीनलग्नांचा नियम लावला तर आणखी मजा. कन्या सम, म्हणून पहिलं मूल नवमावरून, म्हणजे वृषभेवरून, जिथे शनी बसलाय. तूळ विषम, म्हणून पहिलं मूल पंचमावरून, कुंभेवरून. पहिलं मूलच बदललं! गुरू मात्र दोन्हीत कर्केत. त्याला वेळेचं काही पडलेलं नाही, त्याला ते सव्वाचार अंश ओलांडायला दोन-अडीच आठवडे लागतात.

म्हणून मी ग्रहांची सप्तमांश राशी वापरतो, भाव वापरत नाही. निदान वेळ पक्की असल्याशिवाय नाही. आत्याबाई, ८:२५ कुठून आली?

आत्याबाई
दवाखान्याच्या कार्डावर ८:२५ आहे. आजी शेवटपर्यंत "बरोब्बर साडेआठ, रेडिओवर बातम्या लागल्या होत्या" म्हणायची.

घटिका-पळे
कार्डावर कन्या, आजीच्या रेडिओत तूळ. झालं. शिवाय कार्डावर ८:२३ किंवा ८:२७ कोणी लिहीत नाही. नर्सनं घड्याळाकडे बघितलं तोवर नाळही कापून झाली असेल.

कोथिंबीरवडी
मला जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी, चार मिनिटांच्या अंतराने. दोघांचा सप्तमांश सारखाच येतो. मग मुलगा कोणता हे त्यात कसं दिसणार? आणि आत्याबाईंच्या भावाला मुलगा होईल की मुलगी हे सांगता येईल का?

घटिका-पळे
कोथिंबीरवडी, तुमच्या जुळ्यांचा सप्तमांश त्यांच्या मुलांबद्दल बोलेल, त्यांच्याबद्दल नाही. तुम्हाला मुलं कशी हे तुमच्या आणि नवऱ्याच्या सप्तमांशात. सारखा येणं नवल नाही, एक सप्तमांश लग्न सतरा-अठरा मिनिटं टिकतं.

मुलगा-मुलगी हा प्रश्न मी घेत नाही. कायद्याचं एक, आणि आपल्या राज्यात मुलींचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, हे दुसरं.

उपनक्षत्र
एवढा गोंधळ कशाला? कृष्णमूर्ती पद्धतीत सप्तमांश लागतच नाही. पाचव्या भावारंभाचा उपनक्षत्रस्वामी २, ५, ११ चा कार्येश आहे का बघा. असेल तर दशेत होईल. १, ४, १० चा असेल तर नाही. एका ओळीत उत्तर.

घटिका-पळे
एका ओळीत उत्तर, पण उपनक्षत्राची मर्यादा किती? सूर्याच्या उपनक्षत्राचा भाग जेमतेम ४० कलांचा, म्हणजे तीन मिनिटं. माझ्या सप्तमांशाला वेळ सतरा मिनिटांची हवी, तुमच्या उपनक्षत्राला त्याहून काटेकोर. आजीच्या रेडिओवर तुमचं कसं चालणार?

उपनक्षत्र
रूलिंग प्लॅनेट्सवरून वेळ शोधून काढतो. पण हो, ते करायला हवं हे मान्य.

बिनपत्रिकेचा
२००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि मंडळींनी चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं तर ५०. तुम्ही तर गुरू नीच की उच्च यावर भांडताय. नऊ वर्षं झाली, दोघांच्या तपासण्या झाल्या का? भावाची वीर्यतपासणी? बहुतेक घरांत बाईलाच आधी पाठवतात.

मीनलग्न
त्या चाचणीत संततीयोग नव्हता, बुद्धी होती. वेगळा विषय.

बिनपत्रिकेचा
विषय वेगळा, ग्रह तेच. बरं, मग संततीयोगाची चाचणी घ्या. मूल असलेल्या-नसलेल्यांच्या पन्नास पत्रिका, वेळ नोंदीतली, नावं झाकून.

घटिका-पळे
मी तयार आहे. हरलो तरी चालेल. पण अयनांश आधी ठरवा, नाहीतर परत भांडण. हेच बघा, मी वरचं सगळं लाहिरी धरून लिहिलं. रामन अयनांश घेतला तर सगळे भोगांश सुमारे १ अंश २६ कलांनी वाढतात. गुरू ३ अंश १० चा ४ अंश ३६ होतो, ४ अंश १७ ओलांडतो, सप्तमांशात सिंहेत जातो. उच्चत्व गेलं! टिळक पंचांगाच्या अयनांशात फरक जवळपास चार अंशांचा, तिथेही सिंहच. म्हणजे दुसऱ्या गुरुजींचं "बिनधास्त राहा" हे त्यांच्या मोबाइलमधल्या सेटिंगवर अवलंबून होतं.

मीनलग्न
म्हणून लाहिरीच वापरायचा, सरकारी पंचांगातही तोच आहे.

घटिका-पळे
मीही लाहिरीच वापरतो. सरकारी आहे म्हणून गुरू ऐकतो असं नाही.

आत्याबाई, मला विचाराल तर असं. पहिल्या गुरुजींचं "नाही" राशीकुंडलीतच टिकत नाही, शनीमुळे. दुसऱ्यांचं "होणारच" सप्तमांशात टिकत नाही, कारण ते एका अयनांशापुरतं आहे आणि अस्त त्याने सुटत नाही. उरतं ते "विलंब, अडथळा, प्रयत्न". त्यातही ही फक्त भावाची बाजू. वहिनींची पत्रिका न बघता संततीवर बोलणं म्हणजे अर्धं शेत बघून पीक सांगणं. त्यांची वेळ नक्की आहे का?

आत्याबाई
वहिनीचा जन्म गावी, सुईणीच्या हातचा. वेळ "गाई परत यायच्या वेळेला" एवढीच. दिवस आहे.

तपासण्यांचं म्हणाल तर वहिनीच्या तीनदा झाल्या. भावाची एकदाही नाही. गुरुजींनी पत्रिकेतच सांगितल्यावर तो म्हणाला, आता कशाला.

कोथिंबीरवडी
अगं पण नवऱ्याची तर आधी करतात ना? आमच्याकडे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

बिनपत्रिकेचा
आत्याबाई, "आता कशाला" म्हणतो त्याला हे सगळं वाचायला द्या. निदान घटिका-पळेंचं तरी.

घटिका-पळे
वाचायला द्या, चालेल. आणि वहिनींच्या गावाचं नाव आणि महिना सांगा. गाई परत यायच्या वेळेवरून लग्न नाही निघणार, पण चंद्र एका सप्तमांशात सात-आठ तास असतो. तेवढं तरी बघता येईल.