प्रतिसाद: निष्कर्ष शीर्षकातच लिहा

> संशोधनाचं ए-झिरो आकाराचं पोस्टर आहे. लोक थांबतात, पण निष्कर्ष काय ते मला विचारतात. काय बदलू?

आधी शीर्षक. ‘ठिबक सिंचनाचा कांद्याच्या उत्पादनावरील परिणाम’ अशा शीर्षकातून नुसता विषय कळतो. समजा निष्कर्ष पाणीबचतीचा असेल, तर ‘ठिबकवर कांद्याला पाणी कमी लागलं, उत्पादन घटलं नाही’ हे पूर्ण वाक्य 90-100 पॉइंटमध्ये वर घ्या.

त्याखाली, नजरेच्या उंचीवर, याच वाक्याचा पुरावा देणारा एकच मोठा आलेख. खरी गडबड इथे होते. शोधनिबंधातला आलेख जसाच्या तसा चिकटवला जातो. अक्षांवरची अक्षरं बारीक, रंगांची सूची कोपऱ्यात. नजर स्तंभ आणि सूची यांच्यात येरझाऱ्या घालते आणि बघणाऱ्याकडे असलेलं एखादं मिनिट तिथेच संपतं. सूची काढून टाका, ‘ठिबक’ आणि ‘पाटपाणी’ थेट त्या त्या स्तंभावर लिहा.

छपाईला देण्याआधी पोस्टर ए-फोर कागदावर छापा. लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते, म्हणून अर्ध्या मीटरवरून हा कागद जसा दिसतो तसंच मूळ पोस्टर 2 मीटरवरून दिसेल. शीर्षक आणि स्तंभांची नावं सहज वाचता येत नसतील, तर अक्षरं मोठी करा आणि जागेसाठी प्रस्तावना कापा. पद्धतीचा तपशील बाजूला 28 पॉइंटमध्ये चालेल. तो वाचणारा जवळ येतोच.