मदत हवी आहे: p = 0.08 आल्यावर ‘परिणाम नाही’ असे लिहावे का?

नमस्कार. मुंबईत रोज लोकलने लांबचा प्रवास करणाऱ्या 40 आणि घराजवळ काम करणाऱ्या 40 जणांच्या ताणाची तुलना करणारा शोधनिबंध मी लिहीत आहे. प्रवास करणाऱ्यांची सरासरी 2.4 गुणांनी जास्त आली; दोन्ही गटांचे प्रमाण विचलन सुमारे 6, p = 0.08, 95 टक्के विश्वास-अंतराल −0.3 ते 5.1 आणि कोहेनचा d 0.40 आहे.

मसुद्यात मी ‘प्रवासाचा ताणावर परिणाम होत नाही’ असे लिहिले होते. ते आता चुकीचे वाटते, कारण हे अंतराल जसे शून्याला सामावून घेते तसेच पाच गुणांच्या, म्हणजे जवळजवळ एका प्रमाण विचलनाएवढ्या फरकालाही सामावून घेते. शिवाय ही केवळ गटांची तुलना आहे, त्यामुळे ‘परिणाम’ हा शब्दच मला खटकतो. नवे वाक्य असे आहे: ‘फरक 2.4 गुणांचा आढळला, मात्र 0.05 या पातळीवर तो सांख्यिकीयदृष्ट्या सार्थक ठरला नाही. ही माहिती नगण्य फरकाशी आणि बऱ्याच मोठ्या फरकाशीही सुसंगत आहे.’

हे वाक्य बिनचूक आहे का? आणि d ला ‘लहान ते मध्यम’ म्हणावे, की लेबल न लावता त्याचेही अंतराल (−0.04 ते 0.84) द्यावे?