मदत हवी आहे: मशरूम पावडरच्या प्रथिनांसाठी 6.25 वापरायचा की 4.38?

वाळवलेल्या मशरूमच्या पावडरीत केल्डाल पद्धतीने नायट्रोजन 4.8 टक्के आला. 6.25 ने गुणलं की प्रथिनं 30 टक्के होतात, 4.38 ने गुणलं की 21. नमुना एकच आणि फरक नऊ टक्क्यांचा, त्यामुळे लेबलवर कोणता आकडा लिहायचा हेच ठरत नाहीये.

मला समजलंय ते असं: 6.25 मागे दोन गृहीतकं आहेत. प्रथिनात नायट्रोजन 16 टक्के असतो (100 भागिले 16), आणि पदार्थातला सगळा नायट्रोजन प्रथिनांचाच असतो. गव्हाच्या बाबतीत पहिलंच गृहीतक चुकतं. ग्लुटेनमध्ये ग्लुटामिन भरपूर असल्याने नायट्रोजन जास्त निघतो, म्हणून तिथे 5.7 घेतात. मशरूममध्ये मात्र दुसरं गृहीतक कोसळतं. पेशीभित्तिकेतल्या कायटिनमध्ये जवळपास 7 टक्के नायट्रोजन असतो, आणि केल्डालमध्ये सल्फ्युरिक आम्लात सगळंच पचतं, त्यामुळे तो कुठून आला हे कळायला मार्गच उरत नाही.

ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने प्रथिनं साक्याच्या रूपात वेगळी करून पाहिली. सुटी अमिनो आम्लं द्रवात गेली, पण कायटिन विरघळत नसल्याने साक्यातच राहिलं. म्हणजे अडचण होती तिथेच आहे.

4.38 हा 6.25 चा 70 टक्के भाग, पण कायटिन जातीप्रमाणे आणि देठ-छत्रीच्या प्रमाणानुसार बदलतं. मग तो तरी सरसकट कसा लावायचा? अमिनो आम्लांचं पूर्ण विश्लेषण करून बेरीज घेणं हाच खरा उपाय दिसतो. ते केलेल्या कुणी सांगाल का, बेरीज करताना प्रत्येक अमिनो आम्लामागे पाण्याचा रेणू वजा करता ना? आणि अल्कलीत प्रथिनं काढून कायटिन मागे ठेवलं, तर प्रथिनं कितपत पूर्ण निघतात?