पंखा गप्प करायचा तर आधी वॅट कमी करायचे की व्होल्टेज?

वैदर्भी_कन्या
माझा लॅपटॉप i7-9750H वाला आहे, विंडोज १०. रात्री बाळ झोपलं की व्हिडिओ एडिट करते. एक्सपोर्ट लावला की पंखा असा सुटतो की बाळ दचकून उठतं. तापमान ९४-९५ दाखवतं. भाऊ म्हणतो अंडरव्होल्ट कर, नवरा म्हणतो हात लावू नकोस, जळेल. मला यातलं काही कळत नाही. नेमकं काय करू आणि त्यात काय बिघडू शकतं?

खटपट्या
ताई, सरळ अंडरव्होल्ट करा. वेग तोच, उष्णता कमी, फुकटचा फायदा. व्होल्टेज कमी केल्याने काही जळत नाही, दाजींना सांगा. मी गेली तीन वर्षं उणे १२५ मिलिव्होल्टवर आहे. सिनेबेंच ही प्रोसेसरला ताण देणारी चाचणी दहा मिनिटं चालली की समजायचं जमलं. पॉवर लिमिट कमी करणं म्हणजे बुलेट घ्यायची आणि ताशी ३० ने चालवायची.

डागणीवाले_काका
खटपट्या, फायदा खरा आहे. खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १.१ व्होल्टवरून १.० वर आलात तर त्याच वेगाला साधारण १७ टक्के वीज कमी लागते. पण नवशिक्या माणसाला तू क्रम उलटा सांगतोयस. व्होल्टेज चुकलं तर मशीन मध्येच बंद पडतं. वॅटची मर्यादा चुकली तर फक्त हळू चालतं. बाळ कडेवर असलेल्या बाईने आधी कुठलं करावं?

ताई, तुमचा प्रोसेसर ४५ वॅटचा. त्याला दोन मर्यादा असतात. PL1 म्हणजे तासन् तास चालणाऱ्या कामात सरासरी किती वॅट खायचे, आणि PL2 म्हणजे सुरुवातीच्या काही सेकंदांत कितीपर्यंत उसळी मारायची. एक्सपोर्टसारख्या लांब कामात पंख्याचा आवाज PL1 ठरवतो. वेबपान उघडल्यावर पंखा भसकन येतो आणि जातो, तो PL2 चा प्रताप. म्हणून दोन्ही खाली आणायच्या.

थ्रॉटलस्टॉप हे प्रोसेसरच्या मर्यादा बदलणारं सॉफ्टवेअर उघडा. `TPL` बटण दाबा. तिथे `Long Power PL1` समोर ३० आणि `Short Power PL2` समोर ४० लिहा, `OK` करा, आणि मुख्य खिडकीत `Turn On` दाबलेलं आहे ना ते बघा. दुसरं काहीही हलवू नका. मग नेहमीचाच एखादा एक्सपोर्ट लावा आणि वेळ, तापमान, वॅट असे तीन आकडे कागदावर लिहा, आधीचे आणि नंतरचे. वॅटचा आकडा थोड्या वेळाने ३० च्या आसपास स्थिरावला तर मर्यादा लागू झाली. पंचेचाळीसवरच राहिला तर लागू झालेली नाही, मग पुढचं बोलू.

बुलेटच्या उदाहरणाबद्दल: प्रोसेसर वेगाच्या शेवटच्या टप्प्यात सगळ्यात जास्त व्होल्टेज मागतो. तिथले थोडे मेगाहर्ट्झ सोडले की वॅट बरेच वाचतात. म्हणून वॅट एक तृतीयांश कमी केले तरी वेग काही एक तृतीयांश पडत नाही.

साधा_उपाय
एवढा खटाटोप कशाला? कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे `Maximum processor state` १०० चं ९९ करा. माझा पंखा तेव्हापासून ऐकू आलेला नाही. कुठलंही सॉफ्टवेअर नको.

डागणीवाले_काका
चालतं, पण ९९ केल्यावर वेग एक टक्का कमी होत नाही, टर्बो अख्खा बंद होतो. त्यांचा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा, तो २.६ च्या वर जाणारच नाही. टायपिंगला हरकत नाही. एडिटिंग करताना क्लिप मागेपुढे सरकवताना जाणवेल. थ्रॉटलस्टॉप नकोच असेल तर मात्र हा मार्ग बरा. आणि तो `Plugged in` खाली बदलायचा, नाहीतर चार्जर लावल्यावर सगळं पूर्ववत.

सावंतवाडीकर
माझाही पंखा सतत फिरतो, काही उघडलेलं नसताना. ३० वॅट लिहिले, फरक शून्य! शिवाय दुसरा लॅपटॉप रायझनचा आहे, त्यात थ्रॉटलस्टॉप चालतच नाही.

डागणीवाले_काका
सावंत, तुमचं दुखणं वेगळं. रिकाम्या मशीनला ३० वॅट लागतच नाहीत, मग मर्यादा अडवणार कोणाला? टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून वर कोण येतं ते बघा. तिथे कोणी नसेल तर जाळीत धूळ अडकली असेल. थ्रॉटलस्टॉप फक्त इंटेलसाठी आहे. रायझनला `ryzenadj` असतं, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

वैदर्भी_कन्या
काका, केलं! तोच सहा मिनिटांचा व्हिडिओ, खोलीत ३४ अंश.
आधी: ४५ वॅट, ९४ अंश, १४ मिनिटं.
आता: ३० वॅट, ८१ अंश, १६ मिनिटं.
पंखा ऐकू येतो पण घरघर नाही, शेजारच्या खोलीत तर कळतही नाही. भावाच्या आग्रहाने व्होल्टेज बदलायची `FIVR` खिडकी पण उघडून पाहिली, तिथे `Locked` लिहिलंय आणि पट्टी सरकत नाही. माझ्याकडून काही बिघडलं का?

डागणीवाले_काका
काही बिघडलेलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. प्रोसेसरचं व्होल्टेज मुद्दाम खाली ओढून त्याला हिशेबात चुकवायचं आणि त्यातून सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या काढायच्या, असा तो प्रकार. त्यानंतर बायोसच्या अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर ही पट्टी बंद झाली. तुमचा त्यातलाच दिसतो.

खटपट्या
मग जुना बायोस टाका, पट्टी उघडते. त्या हल्ल्याला आधी मशीनवर ॲडमिनचे अधिकार लागतात. ज्याच्याकडे ते आहेत तो तुमचं व्होल्टेज कशाला हलवत बसेल?

डागणीवाले_काका
हल्ल्याबद्दल तुझं बरोबर आहे, घरच्या मशीनला ती भीती फारशी नाही. पण जुन्या बायोसबरोबर बाकीच्या दुरुस्त्याही जातात, आणि तो टाकताना मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड माझ्यासारख्याच्या टेबलावर येतो. दोन मिनिटं वाचवायला? मी नाही सांगणार.

आणि तुझ्या सिनेबेंचबद्दल. पूर्ण भारावर दहा मिनिटं टिकलं म्हणजे स्थिर, हे अर्धंच खरं. पुष्कळदा मशीन पडतं ते हलक्या कामात, वेग वरखाली होताना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `WHEA-Logger` शोध. तिथे दुरुस्त केलेल्या चुकांच्या नोंदी साचत असतील तर तुझे १२५ जास्त आहेत, पडद्यावर काही दिसो न दिसो.

खटपट्या
पाहिलं. गेल्या महिन्यात चार नोंदी आहेत. मी त्या विंडोजच्या अपडेटच्या माथी मारत होतो. उणे १०० वर आणतो. पण बायोसबाबत मला पटलेलं नाही, मी दोनदा केलंय, काही झालं नाही.

पट्टी_सरकणारा
ज्यांची पट्टी उघडी आहे त्यांच्यासाठी: या पिढीत `CPU Core` आणि `CPU Cache` दोन्हींना सारखाच आकडा द्या, एकालाच दिला तर परिणाम दिसत नाही. उणे ५० पासून सुरू करा, दहा-दहाने उतरा. आणि चाचणी होईपर्यंत `OK - Do not save voltages` हेच निवडा. मशीन अडकलं तर बंद करून चालू केलं की मूळ व्होल्टेज परत. मी हे वाचलं नव्हतं, दर वेळी विंडोज सुरू होतानाच कोसळायचं, सेफ मोडमधून बाहेर पडायला अख्खा रविवार गेला.

वैदर्भी_कन्या
बायोसच्या वाटेला मी जात नाही. २५ वॅटवर पण करून पाहिलं: ७५ अंश, साडेसतरा मिनिटं. रात्री २५, दिवसा ३०. एकच राहिलं, लॅपटॉप बंद करून चालू केला की पुन्हा ४५.

डागणीवाले_काका
लॅपटॉप बंद केला की आकडे पुसले जातात, थ्रॉटलस्टॉप सुरू झालं की ते परत लागू होतात. टास्क शेड्यूलरमध्ये लॉग-इनला सुरू होईल असं लावा आणि `Run with highest privileges` वर टिचकी मारा, नाहीतर दर वेळी परवानगी मागत बसेल. २५ आणि ३० साठी त्यातच चार प्रोफाइल असतात, दोन वापरा.