मदत हवी आहे: बाबांच्या परदेशी शेअर्सची डिव्हिडंड नोटीस आणि 1042-S, आकडे जुळत नाहीत

नमस्कार. बाबा निवृत्त आहेत. नोकरीत असताना कंपनीच्या अमेरिकन मूळ कंपनीचे 120 शेअर्स मिळाले होते, ते अजून तसेच आहेत. दर तिमाहीला नोटीस येते: एका शेअरला अर्धा डॉलर, म्हणजे 60 डॉलर, त्यातून 15 डॉलर कर वजा, हातात 45. मार्च 2025 च्या नोटिशीत मात्र 18 डॉलर कापलेत. बाबांनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय आणि रोज विचारतात, "माझे तीन डॉलर कुणी घेतले?" शिवाय 1042-S नावाचा कागद आलाय, त्यावर उत्पन्न 240 आणि कर 60. आम्ही एप्रिल 2024 ते मार्च 2025 ची बेरीज केली तर कर 63 येतो. काय चुकतंय? मला त्यांना नीट समजावून सांगायचंय.
– मृण्मयी

सदानंद: तिथे कर कापला ना? मग दोन देशांत करार आहे, इथे पुन्हा काही भरायचं नसतं. रिटर्नमध्ये दाखवूच नका.

वसुधाताई: माझ्याकडे ब्रिटनच्या कंपनीचे शेअर्स आहेत. तिथे डिव्हिडंडमधून काहीच कापत नाहीत, पूर्ण रक्कम येते. तुमच्याकडून चुकून कापत असतील, आधी कंपनीला पत्र लिहा.

प्रभाकरकाका: वसुधाताई, ब्रिटनचं वेगळं आहे, अमेरिका मुळातच कापते. मृण्मयी, तुमची बेरीज बरोबर आहे. 1042-S जानेवारी ते डिसेंबरचा असतो. तुमच्याकडचा 2024 चा आहे, त्यामुळे मार्च 2024 चा डिव्हिडंड त्यात आहे आणि मार्च 2025 चा नाही. आपलं वर्ष एप्रिलपासून. म्हणून रिटर्नसाठी त्या कागदावरची बेरीज उतरवू नका, चार नोटिशा हाताशी घ्या: जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च.

आता तीन डॉलर. बाबांनी W-8BEN, म्हणजे आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असं कळवणारा फॉर्म, कधी भरला होता ते बघा. तो सही केल्याच्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरअखेर संपतो. 2021 मध्ये भरला असेल तर 31 डिसेंबर 2024 ला संपला. फॉर्म चालू असला की भारताबरोबरच्या कराराचा 25 टक्के दर लागतो, नसला की 30. 60 चे 30 टक्के म्हणजे 18. कुणी घेतले नाहीत, फॉर्म संपला.

मृण्मयी: काका, सापडला! सही 2021 ची आहे. बाबांना दाखवला, ते बराच वेळ त्या तारखेकडेच बघत होते. ते तीन डॉलर परत मिळतील का?

प्रभाकरकाका: नवा फॉर्म लगेच भरा आणि ज्या ब्रोकरकडे शेअर्स आहेत त्याला त्याच वर्षात लिहा की जास्तीचा कर परत करा. वर्षाचे कागद तयार होण्याआधी काही ब्रोकर करतात. सगळेच करतात असं नाही. तुमचा करेल की नाही हे मी सांगू शकत नाही. नाहीच केलं तर अमेरिकेत रिटर्न भरून मागावं लागतं, तीन डॉलरसाठी ते परवडणार नाही.

सदानंद, दाखवायलाच हवं. भारतात राहणाऱ्याचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र आहे. आणि हातात आलेले 45 नाही, पूर्ण 60 दाखवायचे. करार म्हणजे माफी नाही, तिथल्या कराची इथल्या करातून वजावट मिळते.

सदानंद: पण मग कुणाकडूनच इथे जास्त घेतलं जात नाही, माझं कुठे चुकलं?

प्रभाकरकाका: बाबांच्या बाबतीत शेवटी तसं होईलही. त्यांचं पेन्शन धरून उत्पन्न किती, मृण्मयी?

मृण्मयी: सगळं मिळून नऊ लाखांच्या आसपास.

प्रभाकरकाका: मग त्यांचा इथला सरासरी दर 25 टक्क्यांपेक्षा बराच कमी. या डिव्हिडंडवर भारतात जेवढा कर येतो तेवढीच वजावट मिळते, उरलेला अमेरिकेत गेला तो गेला, परतावा म्हणून इथे मिळत नाही. म्हणजे यावर वेगळं भरावं लागणार नाही, पण ही वजावट मागण्याचा फॉर्म 67 भरलात तरच. रिटर्न ITR-2, कारण परदेशी शेअर्स असले की ITR-1 चालत नाही. रुपयांत करताना मिळाल्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर घ्या. मार्चच्या डिव्हिडंडला 28 फेब्रुवारीचा. समजा तो 85 असेल तर 60 डॉलरचे 5100 रुपये. प्रत्येक तिमाहीचा दर वेगळा.

आणि तो 1042-S फेकू नका. परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल FA मध्ये मात्र कॅलेंडर वर्षच लागतं, तिथे हेच 240 जुळतील.

मृण्मयी: म्हणजे एका कागदाची बेरीज FA मध्ये आणि चार नोटिशांची उत्पन्नात. बाबांच्या वहीत दोन वेगळी पानं करते. आधीच्या वर्षांत आम्ही ITR-1 भरलाय, शेअर्स दाखवलेच नव्हते. त्याचं काय?

प्रभाकरकाका: हा प्रश्न मोठा आहे. कोणकोणती वर्षं आणि त्या वेळी शेअर्सची किंमत किती होती ते काढून सीएकडे जा, इथे अंदाजाने सांगणार नाही.